‘हे रीडिंग घे आणि g काढून दे’: गणिताला हात लावण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

प्रॅक्टिकलच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर एक ठराविक मेसेज फिरतो. आकड्यांचा एक गठ्ठा, खाली एक ओळ: ‘रिझल्ट काढून दे’. अकोल्याला अकरावीत असलेल्या माझ्या मामेबहिणीने मला पाठवला तो असा होता:

```
simple pendulum
50  28.74 28.91 28.80
60  31.62 31.47 31.58
70  33.88 34.02 33.82
80  36.31 36.18 38.09
90  38.45 38.34 38.58
g kadhun de dada, urgent
```

मी इंजिनीअर आहे, त्यामुळे घरात असे मेसेज माझ्याकडेच येतात. फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो. आकडे टाकले की दोन मिनिटांत उत्तर येतं. पण या मेसेजमध्ये उत्तर काढायला लागणारी निम्मी माहितीच नाही. ती न विचारता गणित केलं तर काय होतं, विचारल्यावर काय बदलतं आणि शेवटी रिझल्ट कसा लिहायचा, हे आपण याच पाच ओळी घेऊन पाहू. साधा लोलक म्हणजे सिंपल पेंड्युलम हे फक्त उदाहरण आहे. हेच तीन प्रश्न स्प्रिंग, लेन्स किंवा ओहमच्या नियमाच्या प्रयोगालाही लागतात.

## न विचारता गणित केलं तर

फॉर्म्युला हा:

```
T = 2π √(L/g)
g = 4π² L / T²
```

L म्हणजे लोलकाची लांबी आणि T म्हणजे एका पूर्ण आंदोलनाला लागणारा वेळ. आता अंदाज बांधू. पहिला कॉलम लांबीचा, सेंटिमीटरमध्ये असावा. पुढचे तीन कॉलम २० आंदोलनांच्या वेळेचे असावेत. तिन्ही वेळांची सरासरी काढून २० ने भागली आणि फॉर्म्युल्यात टाकली, तर g च्या किमती अशा येतात:

| लांबी | आलेला g (मी/से²) |
|---|---|
| ५० | ९.५१ |
| ६० | ९.५१ |
| ७० | ९.६१ |
| ८० | ९.३० |
| ९० | ९.६१ |

सरासरी ९.५१ मी/से². पुस्तकातल्या ९.८१ पासून ३ टक्के दूर. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला एवढं चालतं असं म्हणून बहुतेक जण इथेच थांबतात. उत्तर ४५ किंवा ०.०९ आलं असतं तर कोणालाही शंका आली असती. ९.५१ मात्र खरं वाटण्याइतकं जवळ आहे, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. यात दोन वेगवेगळ्या चुका लपलेल्या आहेत आणि सरासरीने त्या दोन्ही झाकून टाकल्या आहेत.

मी तिला आकडा पाठवला नाही. तीन प्रश्न पाठवले. उत्तर आलं, “बापा दादा, एवढे प्रश्न तं सर पण नाई विचारत. मले फक्त आकडा पायजे.”

## प्रश्न पहिला: हा आकडा कशाचा आहे आणि कोणत्या एककात?

एकक विचारणं म्हणजे नुसतं ‘सेंटिमीटर की मीटर’ एवढंच नाही. ती चूक लगेच पकडली जाते, कारण ५० ला मीटर समजलं तर g शंभरपट येतो. खरा प्रश्न असतो, ‘हे माप कुठून कुठपर्यंत घेतलं?’

वेळेपासून सुरू करू. २८.७४ हे सेकंद आहेत हे उघड आहे, पण किती आंदोलनांचे? ५० सेंटिमीटरचा लोलक एक फेरी साधारण १.४ सेकंदात करतो. २८.७४ ला १.४ ने भागलं की २० च्या आसपास येतं. म्हणजे २० चा अंदाज बरोबर दिसतो. तरीही विचारायचं, कारण मोजण्याची पद्धत चुकलेली असू शकते. गोळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला आणि परत आला, तेव्हा एक आंदोलन पूर्ण होतं. नुसतं जाणं म्हणजे अर्धं.

दुसरी नेहमीची चूक मोजणी सुरू करताना होते. स्टॉपवॉच चालू करताना तोंडातून ‘एक’ निघतो. खरं तर तिथे ‘शून्य’ म्हणायला हवं. ‘एक’ म्हणून सुरुवात केली तर ‘वीस’ म्हणेपर्यंत १९ आंदोलनंच होतात. मग T कमी येतो आणि g १०.८ च्या आसपास जातो. कोणाचा g सगळ्या लांबींना १०.८ येत असेल, तर पहिला संशय याच चुकीवर घ्या.

हिची मोजणी ठीक होती: शून्यापासून सुरुवात, पूर्ण २० आंदोलनं. मग लांबीबद्दल विचारलं.

“लांबी कुठून कुठपर्यंत मोजली?”

“दोऱ्याची मोजली न. वरच्या बुचापासून गोळ्याच्या हुकापर्यंत.”

पहिली चूक इथे सापडली. फॉर्म्युल्यातला L म्हणजे दोऱ्याची लांबी नव्हे. दोरा जिथे बुचात पकडला आहे तिथपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे L. त्यात दोरा, हुक आणि गोळ्याची त्रिज्या असे तिन्ही येतात. तिच्या जर्नलमध्ये व्हर्नियर कॅलिपरने मोजलेला गोळ्याचा व्यास होता २.० सेमी, म्हणजे त्रिज्या १.० सेमी. हुक अर्धा सेंटिमीटर. प्रत्येक लांबीत १.५ सेमी कमी धरले गेले होते.

ही चूक आकड्यांतून ओळखता येते का? येते. वरचं कोष्टक पुन्हा पाहा. ८० ची ओळ बाजूला ठेवली तर छोट्या लांबींना ९.५१ आहे आणि मोठ्या लांबींना ९.६ च्या वर. दीड सेंटिमीटर ५० मध्ये ३ टक्के असतो आणि ९० मध्ये दीड टक्क्याच्या थोडा वर. म्हणून लांबी वाढली की चूक पातळ होत जाते आणि g खऱ्या किमतीकडे सरकतो. g हा लोलकाच्या लांबीवर अवलंबून नसतो. तो लांबीबरोबर एकाच दिशेने सरकताना दिसला, तर लांबीत काहीतरी ठराविक अंतर सुटलंय किंवा जास्तीचं आलंय असं समजा.

## प्रश्न दुसरा: तीन रीडिंग खरंच तीन वेळा घेतले का?

आता ८० ची ओळ: ३६.३१, ३६.१८, ३८.०९.

बाकी सगळ्या ओळींत तीन आकड्यांमधलं अंतर ०.१५ ते ०.२५ सेकंदांचं आहे. इथे एकदम १.९ सेकंद. सरासरी काढली की हा फरक दिसेनासा होतो. म्हणून सरासरीच्या आधी तिन्ही आकडे एका ओळीत नुसते वाचून काढायचे. एवढं केलं तरी अर्धी तपासणी होते.

आता हा फरक नेमका किती आहे ते पाहा. ८० च्या ओळीत एका आंदोलनाला साधारण १.८१ सेकंद लागतात. ३८.०९ मधून १.८१ वजा केले तर ३६.२८ येतं, म्हणजे बाकीच्या दोघांच्या मध्ये. फरक बरोब्बर एका आंदोलनाचा आहे. तिसऱ्या वेळी २१ आंदोलनं मोजली गेली, असा याचा अर्थ जवळजवळ निश्चित.

मग तो आकडा खोडून ३६.२८ लिहायचा का? नाही. आपण कारण ओळखलं, पण ते रीडिंग घेतलेलं नाही. घेतलेलं रीडिंग आणि बनवलेलं रीडिंग यांच्यातली रेघ इथे आहे. बरोबर रस्ते दोनच. पहिला, शक्य असेल तर त्याच लांबीला रीडिंग पुन्हा घ्यायचं. दुसरा, शक्य नसेल तर राहिलेल्या दोघांची सरासरी घ्यायची. दोन्ही बाबतींत जुना आकडा एका रेघेने असा खोडायचा की तो वाचता येईल, आणि शेजारी कारण लिहायचं: ‘एक आंदोलन जास्त मोजलं गेल्याची शक्यता’. रबराने पुसायचा नाही.

नुसतं ‘बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे’ म्हणून कोणताही आकडा काढून टाकायचा नाही. कारण सांगता आलं पाहिजे. ३८.०९ च्या जागी ३६.५५ असता तर तो थोडा लांब वाटला असता, पण त्याला एका आंदोलनाचं कारण देता आलं नसतं. तो ठेवावाच लागला असता.

याच प्रश्नाला उलटी बाजूही आहे. काही जर्नलमध्ये तीन रीडिंग असे दिसतात: २८.८०, २८.८०, २८.८१. इतकं जुळलेलं पाहून आनंद होऊ देऊ नका. हाताने बटण दाबून तीन वेळा वेळ घेतली तर शंभराव्या भागापर्यंत ती जुळत नाही. बहुतेक वेळा एकच रीडिंग घेतलेलं असतं आणि बाकी दोन वर्गातच भरलेले असतात. बहिणीच्या आकड्यांतला तो ०.२ सेकंदांचा विस्कळीतपणा हा दोष नाही. ती खरंच प्रयोगाला उभी होती याचा तो पुरावा आहे, आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यातूनच मिळतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने ८० ला एक रीडिंग पुन्हा घेतलं. ३६.२८ आलं.

## प्रश्न तिसरा: यातल्या किती अंकांवर विश्वास ठेवायचा?

मोबाईलचा स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतो. त्यामुळे वाटतं की आपली वेळ ०.०१ सेकंदापर्यंत बरोबर आहे. पण ते घड्याळाचं लघुतम माप झालं, तुमच्या बोटाचं नाही. डोळ्याने गोळा पाहून बोट स्क्रीनवर टेकेपर्यंत थोडा वेळ जातो आणि तो दर वेळी सारखा नसतो. सुरू करताना एकदा आणि थांबवताना एकदा. यातून सेकंदाचा एखाद-दुसरा दशांश सहज इकडेतिकडे होतो. तिच्या तीन रीडिंगमध्ये साधारण ०.२ सेकंदांचं अंतर होतं. त्याच्या निम्मं धरू: ±०.१ सेकंद.

२० आंदोलनं का मोजतात ते इथे कळतं. एकाच आंदोलनाची वेळ घेतली असती तर १.४४ सेकंदांत ±०.१ म्हणजे ७ टक्के. २० ची घेतली तर बोटाची चूक तेवढीच राहते, पण ती २८.८ सेकंदांवर पसरते, म्हणजे ०.३५ टक्के. फॉर्म्युल्यात T चा वर्ग आहे, त्यामुळे g मध्ये ती दुप्पट होते, सुमारे ०.७ टक्के. म्हणजे एकाच लांबीवरून काढलेल्या g मध्ये ±०.०७ ची जागा ठेवावी लागते.

वेळ घेताना गोळा टोकाला असताना बटण दाबू नका. टोकाला तो क्षणभर रेंगाळतो आणि ‘आत्ता वळला’ हे नक्की ठरत नाही. मधल्या जागेवरून तो सर्वांत वेगाने जातो. स्टँडमागे खडूची एक खूण करा आणि गोळा त्या खुणेवरून एकाच दिशेने जाताना मोजा. एवढ्याने तीन रीडिंगमधलं अंतर कमी होतं.

लांबीची गोष्ट वेगळी आहे. मोजपट्टीवर मिलिमीटर वाचता येतो. त्यात बुचाच्या कडेला दोरा नेमका कुठे पकडला गेलाय, हुकाचा अर्धा सेंटिमीटर खरंच अर्धाच आहे का, हे धरून ±१ मिमी म्हणू. पण ही चूक वेळेच्या चुकीसारखी वागत नाही. बोट कधी लवकर पडतं, कधी उशिरा, त्यामुळे जास्त रीडिंग घेतले की ती चूक सरासरीत विरते. हुक १ मिमी चुकीचा मोजला असेल तर तो पाचही लांबींत त्याच बाजूने चुकलेला असतो. शंभर रीडिंग घेतले तरी ती चूक जात नाही. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या विचारायच्या: दर वेळी बदलणारी चूक किती, आणि सगळीकडे सारखी बसलेली चूक किती.

## आता गणित, मोबाईलवरच

गूगल शीट्स उघडा. A कॉलममध्ये दोऱ्याची लांबी मीटरमध्ये टाका (०.५०, ०.६० असं). B, C, D मध्ये तीन वेळा. पहिली ओळ शीर्षकांसाठी सोडली तर आकडे दुसऱ्या ओळीपासून सहाव्या ओळीपर्यंत येतील. E2 मध्ये T चा वर्ग आणि F2 मध्ये g:

```
=(AVERAGE(B2:D2)/20)^2
=4*PI()^2*(A2+0.015)/E2
```

दुसऱ्या फॉर्म्युल्यातला 0.015 म्हणजे हुक आणि त्रिज्येचे १.५ सेमी, मीटरमध्ये. दोन्ही फॉर्म्युले खाली ओढले की हे कोष्टक मिळतं:

| दोरा (सेमी) | खरी लांबी (सेमी) | T (से) | g (मी/से²) |
|---|---|---|---|
| ५० | ५१.५ | १.४४१ | ९.७९ |
| ६० | ६१.५ | १.५७८ | ९.७५ |
| ७० | ७१.५ | १.६९५ | ९.८२ |
| ८० | ८१.५ | १.८१३ | ९.७९ |
| ९० | ९१.५ | १.९२३ | ९.७७ |

आता g लांबीबरोबर चढत नाही. एकदा वर, एकदा खाली, असा विखुरलेला आहे. चूक फक्त बोटाची उरली असेल तर तो असाच दिसायला हवा. सरासरी आणि तिची अनिश्चितता:

```
=AVERAGE(F2:F6)
=STDEV(F2:F6)/SQRT(5)
```

पहिल्याचं उत्तर ९.७८५५ आणि दुसऱ्याचं ०.०१२. यात लांबीची बसलेली चूक मिळवायची आहे. सरासरी ७१.५ सेमी लांबीत १ मिमी म्हणजे ०.१४ टक्के, g मध्ये सुमारे ०.०१४. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ०.०१८ येतं. त्याला ०.०२ म्हणू.

अनिश्चितता दुसऱ्या दशांश स्थानावर आली, म्हणजे उत्तरही तिथेच थांबतं. शीट कितीही लांबलचक आकडा दाखवू दे, पुढच्या अंकांना अर्थ नाही. रिझल्ट असा लिहायचा:

g = ९.७९ ± ०.०२ मी/से²

मेसेज तोच होता, ८० च्या ओळीतलं एक रीडिंग सोडलं तर आकडेही तेच. तरी ९.५१ चे ९.७९ झाले.

## हुक मोजायचं राहूनच गेलं असेल तर

असं होतं. लॅब बंद, स्टँड दुसऱ्या बॅचकडे, आणि गोळ्याचा व्यास कोणी लिहिलेला नाही. तेव्हा आलेख कामाला येतो. आडव्या अक्षावर दोऱ्याची लांबी, उभ्या अक्षावर T². सुटलेलं अंतर सगळ्या लांबींत सारखं असेल तर रेषा सरकते, पण तिचा चढ बदलत नाही. g चढावरून काढायचा:

```
=4*PI()^2/SLOPE(E2:E6,A2:A6)
=INTERCEPT(E2:E6,A2:A6)/SLOPE(E2:E6,A2:A6)
```

या आकड्यांवर पहिला फॉर्म्युला ९.७७ देतो आणि दुसरा ०.०१४ मीटर, म्हणजे १.४ सेमी. हुकाला आणि गोळ्याला हात न लावता आलेखाने सांगितलं की लांबीत साधारण दीड सेंटिमीटर सुटलाय. कॅलिपरने आला होता १.५.

पण याची किंमत मोजावी लागते. फक्त पाच बिंदूंवरून चढ काढला तर g ची अनिश्चितता ±०.०७ पर्यंत जाते आणि सुटलेल्या अंतराची ±०.५ सेमी. म्हणजे आलेख ‘काहीतरी सुटलंय’ हे खात्रीने सांगतो, ‘नेमकं किती’ हे ढोबळच. लांबीचे टप्पे जास्त घेतले आणि ते ३० ते १२० सेमी असे पसरवले, तर हा आकडा घट्ट होतो.

## ‘पण सर म्हणे ९.८१ यायला पायजे’

रिझल्ट पाठवल्यावर आलेली ही तिची शेवटची तक्रार. हिच्यापायी कितीतरी जर्नलमध्ये रीडिंग उलटे बनवले जातात: आधी ९.८१ धरायचं, मग त्यातून T काढायचा आणि तीन कॉलममध्ये थोडाथोडा बदल करून भरायचा.

गंमत म्हणजे अकोल्यात g ९.८१ नाहीच. पृथ्वी फिरते आणि ती विषुववृत्ताशी किंचित फुगीर आहे, म्हणून g जागेप्रमाणे बदलतो. विषुववृत्तावर तो सुमारे ९.७८, ध्रुवांवर ९.८३. पुस्तकात दिसणारी प्रमाण किंमत ९.८०६६५ ही ४५ अंश अक्षांशाजवळची आहे. अकोला आणि अमरावती २१ अंशांच्या आसपास येतात. अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची धरून सूत्राने किंमत काढली तर दोन्ही शहरांसाठी सुमारे ९.७८६ मी/से² येते. म्हणजे तिचा ९.७९ ± ०.०२ इथल्या किमतीला धरून आहे. तो ९.८१ कडे ओढला असता तर बरोबर आलेलं उत्तर तिने स्वतःच्या हाताने बिघडवलं असतं.

हेही खरं की या प्रयोगावरून ‘इथे ९.८१ नाही’ असं सिद्ध झालेलं नाही. ९.८१ आपल्या ±०.०२ च्या मर्यादेपासून जेमतेम बाहेर पडतं, आणि एवढा फरक योगायोगानेही येऊ शकतो. ते ठामपणे म्हणायचं असेल तर अनिश्चितता आणखी बरीच खाली आणावी लागेल.

भारतात हे काम लोलकानेच झालेलं आहे. दक्षिणेतून सुरू होऊन ७८ अंश रेखांशाच्या आसपास विदर्भातून उत्तरेकडे गेलेल्या ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हेमध्ये, १८६५ पासून कॅप्टन जेम्स बेसेव्ही यांनी ठिकठिकाणी लोलक झुलवून गुरुत्व मोजलं. हवेचा अडथळा नको म्हणून त्यांचे लोलक निर्वात पेटीत झुलत. तापमानाने लोलकाची लांबी बदलते आणि झोक्याच्या रुंदीने वेळ बदलते, त्यांच्याही दुरुस्त्या केल्या जात. १८७१ मध्ये याच कामावर असताना लडाखमध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि उरलेली मोजणी कॅप्टन हेविसाइड यांनी पूर्ण केली. दोन ठिकाणांच्या गुरुत्वातला बारीक फरक शोधायचा होता. मोजणीतली अनिश्चितता त्या फरकाहून लहान असल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थच राहिला नसता.

झोक्याच्या रुंदीची दुरुस्ती आपल्यालाही थोडी लागू होते. वरचा फॉर्म्युला लहान झोक्यासाठी आहे. गोळा १० अंश ओढून सोडला तर T सुमारे ०.२ टक्के वाढतो आणि g ०.०४ ने कमी येतो. २० अंशांना हीच घट ०.१५ होते. म्हणून ओढ ५ अंशांच्या आत ठेवा, म्हणजे एक मीटर दोऱ्याला मधल्या जागेपासून ८ सेमीच्या आसपास. आणि गोळा गोल-गोल फिरायला लागला तर ते रीडिंग तिथेच सोडून पुन्हा सुरुवात करा.

## रीडिंग पाठवताना मेसेज असा लिहा

कोणालाही आकडे पाठवायचे असतील, तर एवढ्या ओळी सोबत असू द्या. मग समोरच्याला काही विचारावं लागत नाही:

```
साधा लोलक
L = बुचापासून हुकापर्यंत दोरा, सेमी, ±0.1
हुक 0.5 सेमी, गोळ्याचा व्यास 2.0 सेमी
t = 20 पूर्ण आंदोलनांचा वेळ, सेकंद, मोबाईल स्टॉपवॉच
प्रत्येक लांबीला 3 वेळा, मोजणी शून्यापासून
झोका 5 अंशांच्या आत
शंका: 80 चं तिसरं रीडिंग वेगळं दिसतंय
```

शेवटची ओळ टाळू नका. आकडा विचित्र दिसला हे सर्वांत आधी रीडिंग घेणाऱ्यालाच कळतं. त्या वेळी स्टँड समोर असतो, गोळा हातात असतो आणि पुन्हा मोजायला दोन मिनिटंही लागत नाहीत. बहिणीने पुढचा स्प्रिंगचा प्रयोग पाठवला, तेव्हा वर लिहिलं होतं: “वजनं ग्रॅममधी हायत, पॅनचं वजन धरलं नाई, ते वेगळं लिवलं. आता तं काढून देशील न?”

दिलं. दहा मिनिटांत.